इंग्रजीत शिवी सहज निघते, मराठीत मात्र जीभ अडते: हे नेमके कशामुळे?

शर्वरी_वास्तू (धागाकर्ती)

मी पुण्यात वास्तुरचनाकार म्हणून काम करते. बांधकामावर चुकीच्या मापाचा कॉलम उभा राहिलेला दिसला की माझ्या तोंडून फ वरून सुरू होणारी ती सुप्रसिद्ध इंग्रजी शिवी निघते, आणि ती निघाल्यानंतर मला विशेष काही वाटतही नाही. तिथलाच मुकादम फोनवर कोणाला तरी आईवरून अस्सल मराठी शिवी हासडतो, तेव्हा मात्र ती मला उद्देशून नसूनही माझे कान तापतात. कुतूहल म्हणून एकदा गाडीच्या काचा बंद करून, ऐकायला कोणीही नसताना, तीच मराठी शिवी मोठ्याने उच्चारून पाहिली. पहिले अक्षर आले आणि पुढचे घशातच राहिले. लगेच इंग्रजी शिवी दिली, ती मात्र अगदी बिनबोभाट बाहेर पडली.

माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि इंग्रजी खऱ्या अर्थाने बोलू लागले ती महाविद्यालयात गेल्यावर. घरच्यांच्या मते हा निव्वळ संस्कारांचा भाग आहे. मला विचारायचे आहे ते असे, की हा फरक केवळ सवयीचा आणि लाजेचा आहे, की शरीराच्या पातळीवरही तो खरोखर असतो? आणि असल्यास तो कोणी मोजला आहे का? शिव्या द्याव्यात की देऊ नयेत, हा या धाग्याचा विषय नाही, एवढी नम्र विनंती.

निवृत्त_गुरुजी

विनंती वाचली, तरीही एक गोष्ट सांगतो. इंग्रजी शिव्या मुळातच सौम्य असतात, कारण त्या बहुतेक शरीराच्या क्रियांवर नाहीतर देवाधर्मावर बेतलेल्या असतात. आपल्या शिव्या थेट आई-बहिणीपर्यंत पोहोचतात. तेव्हा वजन त्या शिवीच्या आशयातच आहे, त्यात बोलणाऱ्याच्या मनाचा काही संबंध नाही. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत मी वर्गात एकही अपशब्द उच्चारला नाही आणि विद्यार्थ्यांनाही उच्चारू दिला नाही.

अनघा_द

गुरुजींचा मुद्दा तपासून पाहण्यासारखा आहे, कारण तो खरा असता तर हा प्रश्न तिथेच मिटला असता. मी मनोभाषाविज्ञान शिकवते, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

शर्वरीताई, हा फरक मोजला गेला आहे, आणि त्यातला सर्वांत बोलका प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. बॉस्टनमध्ये कॅथरीन हॅरिस, आयशे आयचिचेयी आणि जीन बर्को ग्लीसन या तिघींनी तो केला. त्यात ३२ द्विभाषिक होते. सर्वांची मातृभाषा तुर्की होती आणि सर्वांनी इंग्रजी वयाच्या बाराव्या वर्षानंतर शिकली होती, म्हणजे तुमच्या परिस्थितीशी हे बऱ्यापैकी जुळते. त्यांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावून त्वचेची विद्युतवाहकता मोजली गेली. मनावर ताण आला किंवा भावना जागी झाली की बोटांवर अगदी सूक्ष्म घाम येतो, तो आपल्याला जाणवतही नाही, पण त्यामुळे त्वचेतून वीज अधिक सहज वाहू लागते. शब्द ऐकल्यावर साधारण एक ते तीन सेकंदांत हा बदल सुरू होतो आणि तो ठरवून रोखता येत नाही. म्हणूनच 'मला काही वाटले नाही' असे सांगणाऱ्या माणसाचीही त्यातून पारख होते.

त्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द कधी पडद्यावर दाखवले, कधी ऐकवले. काही शब्द साधे, काही आनंदाचे, काही दुःखाचे, काही शिव्या आणि निषिद्ध शब्द, आणि एक गट होता लहानपणी मोठ्यांकडून ऐकलेल्या दटावणीच्या वाक्यांचा, 'लाज नाही वाटत?' या धर्तीचा. शिव्यांनी दोन्ही भाषांत बोटांना घाम आणला, हे आधी लक्षात घ्यावे. इंग्रजी शिवी म्हणजे त्यांना काहीच वाटले नाही, असे अजिबात नव्हते. मातृभाषेतील शिवीचा परिणाम मात्र अधिक होता. खरे आश्चर्य दटावणीच्या वाक्यांत होते. तुर्कीत ती वाक्ये ऐकताच प्रतिक्रिया उसळली, तर इंग्रजीत तीच वाक्ये जवळजवळ निष्प्रभ ठरली. दोन भाषांमधले सर्वांत मोठे अंतर शिव्यांत नव्हे, दटावणीत दिसले. काहींनी तर नंतर सांगितले की ती तुर्की वाक्ये ऐकताना घरच्या माणसांचा आवाज कानांत घुमला.

आता गुरुजींच्या मुद्द्याकडे येते. दटावणीच्या वाक्यात अश्लील असे काहीच नसते. आशयच निर्णायक असता, तर ही वाक्ये दोन्ही भाषांत सारखीच निरुपद्रवी ठरायला हवी होती. त्यांचे वजन आले ते ती कोणाकडून, कोणत्या वयात आणि कशा प्रसंगी ऐकली यातून.

तर्कट

प्रयोग रोचक आहे, पण मला यामागे अधिक साधे कारण दिसते. परकी भाषा आपल्याला अर्धवट समजते. शब्द कानावर पडल्यावर मनात त्याचा अर्थ जुळवायला वेळ लागतो, आणि तोवर भावनेची धार बोथट होते. उद्या मला कोणी फिनिश भाषेत शिवी दिली तर मी हसून नमस्कार करीन. हे सगळे शेवटी भाषेवरील प्रभुत्वाचे प्रकरण आहे.

नागपुरी_संत्रं

मला माझा अनुभव सांगावासा वाटतो, कारण तो वरच्या सगळ्यांना थोडा छेद देतो. घरी शुद्ध मराठी, वडील तर बोलण्यातल्या व्याकरणाच्या चुकाही सुधारणारे. पण नागपुरातल्या आमच्या गल्लीत क्रिकेट चालायचे ते हिंदीत, आणि पाच-सहा वर्षांचा असल्यापासून मी तिथे असायचो. माझी मातृभाषा मराठी, दुसरी भाषा हिंदी, तिसरी इंग्रजी. या हिशेबाने हिंदी शिवी मला हलकी वाटायला हवी. प्रत्यक्षात आजही भ वरून सुरू होणारी हिंदी शिवी मागून ऐकू आली की मी वळून पाहतो आणि हाताच्या मुठी आपोआप आवळल्या जातात. मराठी शिव्या मला उलट वगनाट्यातल्या वाटतात, कारण खऱ्या भांडणात त्या मी कधी ऐकल्याच नाहीत. मग 'दुसरी भाषा हलकी' हा नियम माझ्या बाबतीत का लागू पडत नाही?

अनघा_द

नागपूरकरांनी नेमके बोट ठेवले आहे. याच हॅरिसबाईंनी २००४ साली स्पॅनिश आणि इंग्रजी बोलणाऱ्यांवर तसाच प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एक गट असा होता की जो अमेरिकेतच वाढला होता आणि ज्याची इंग्रजी बालपणीच पक्की झाली होती. दुसरा गट इंग्रजी नंतर शिकलेला होता. उशिरा शिकलेल्यांमध्ये दटावणीच्या वाक्यांना मातृभाषेत अधिक तीव्र प्रतिक्रिया दिसली. बालपणी शिकलेल्यांमध्ये दोन भाषांतला हा फरक दिसलाच नाही. म्हणजे भाषेचा क्रमांक पहिला की दुसरा, याला स्वतःचे असे फारसे वजन नाही. ती भाषा तुमच्या आयुष्यात केव्हा आली आणि तुम्ही तिच्यात भांडलात, रडलात, मार खाल्लात की नाही, यावर बरेचसे ठरते. तुमच्या गल्लीने तुम्हाला हिंदी शिकवली ती क्रमिक पुस्तकातून नव्हे, हे उघड आहे.

तर्कट, तुमचे म्हणणे अर्धे पटते. अर्थच माहीत नसेल तर धक्का बसणार नाही, यात वाद नाही. पण ज्यांना अर्थ पुरता माहीत आहे त्यांच्यातही हा फरक उरतो. २०११ साली एलोला आणि हावेल्का यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात रंगीत अक्षरांत छापलेल्या शब्दांचा रंग ओळखायचा होता. शब्द निषिद्ध असेल तर माणूस क्षणभर अडखळतो आणि रंग सांगायला उशीर होतो. इंग्रजी मातृभाषा असलेले आणि ग्रीक मातृभाषा असून इंग्रजी शिकलेले, असे दोन्ही गट इंग्रजी निषिद्ध शब्दांवर सारखेच अडखळले. म्हणजे शब्द दोघांनाही पोहोचला आणि त्याने दोघांचेही लक्ष खेचले. बोटांवरचा घाम मात्र मातृभाषिकांना अधिक आला. कळण्यातील उशीर हे एकमेव कारण असते, तर हे असे दिसले नसते.

बर्फगोळा

माझ्या वाचनात आले होते की शिवी दिल्याने वेदना कमी होते, आणि त्यावर इंग्लंडमध्ये संशोधनही झाले आहे. तेव्हा हातोडी अंगठ्यावर बसली तर मराठीत ओरडावे की इंग्रजीत, हाच मूळ प्रश्न आहे ना? मी तर मराठीलाच मत देईन.

अनघा_द

बर्फगोळा, आपले सदस्यनाम या विषयाला फारच शोभते. आपण म्हणता तो प्रयोग कील विद्यापीठातल्या रिचर्ड स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांचा, २००९ सालचा. बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि तो किती वेळ सहन होतो ते पाहायचे. शिवी पुटपुटणाऱ्यांनी हात अधिक वेळ ठेवला. पण तिथे दोन भाषांची तुलना नव्हती, त्यामुळे अंगठ्याचा निकाल त्यातून लागत नाही. शर्वरीताईंचा प्रश्न वेदनेचा नसून शब्दाच्या वजनाचा आहे.

टोरांटोकर

मी वेगळ्या दिशेने काही सांगतो, कारण आमच्या घरी हे सगळे उलटे घडले आहे. मुलगा इकडेच जन्मला. घरात आम्ही मराठी बोलतो, पण त्याचे भांडण, मैत्री आणि रुसवे-फुगवे सगळे इंग्रजीत. एका सुट्टीत सांगलीला चुलतभावंडांकडून त्याने एक दणदणीत मराठी शिवी उचलली आणि जेवणाच्या पाटावर, आजी आमटी वाढत असताना, मीठ मागावे तितक्या सहजपणे ती उच्चारली. आजीच्या हातातली पळी तशीच राहिली. आम्ही रागावलो तर तो खरोखरच गोंधळला, कारण त्याच्या दृष्टीने तो एक गमतीदार आवाज होता. तोच मुलगा वर्गात कोणी त्याला इंग्रजीत एक बऱ्यापैकी सौम्य शब्द वापरला म्हणून दोन दिवस घुमा बसला होता. कागदोपत्री त्याची मातृभाषा मराठी आहे, हे आपण कृपया लक्षात घ्यावे.

माझे स्वतःचेही काही प्रमाणात बदलले आहे. इथे आलो तेव्हा इंग्रजी शिव्या मला चित्रपटातल्या वाटायच्या. पुढे कारखान्यात वरिष्ठाने खरोखर संतापून त्यांतली एक माझ्यावर फेकली, आणि त्यानंतर ती शिवी मला चित्रपटातली वाटेनाशी झाली. मात्र मराठीइतकी ती अजूनही आत जात नाही.

अनघा_द

टोरांटोकर, आपला दुसरा परिच्छेद ज्याँ-मार्क द्यवेल यांना आवडला असता. ते लंडनच्या बर्कबेकमध्ये होते आणि त्यांनी अनेता पाव्लेन्को यांच्यासह २००१ ते २००३ या काळात बहुभाषिकांसाठी एक मोठी प्रश्नावली इंटरनेटवर ठेवली होती. तिच्यातल्या १०३९ जणांच्या उत्तरांवरून त्यांनी २००४ साली शिव्यांविषयी लिहिले. पहिल्या भाषेतील शिव्या सर्वांत जोरकस वाटतात आणि पुढे शिकलेल्या प्रत्येक भाषेत जोर उतरत जातो, हे त्यांनाही दिसले. परंतु जी भाषा केवळ वर्गात शिकली तिच्यातील शिव्या सर्वांत फिक्या ठरल्या, आणि जी माणसांत वावरून शिकली तिच्यातील अधिक गडद. भाषेचा वापर जितका जास्त, तितका जोरही वाढत होता.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. प्रश्नावलीत माणूस स्वतःविषयी सांगतो, आणि अशी प्रश्नावली हौसेने भरणारे बहुतेक सुशिक्षित, भाषांची आवड असणारे असतात. बोटांवरचा घाम आणि तोंडची कबुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे त्या एकाच दिशेला जातात म्हणून माझा विश्वास बसतो, एरवी निव्वळ प्रश्नावलीवर मी इतके बोलले नसते.

तर्कट

मनगटावरच्या घड्याळात हल्ली घाम मोजण्याची सोय असते. दोघे-तिघे मिळून घरीच हा प्रयोग करून पाहू शकतो का? मराठी शिव्या मी पुरवतो.

अनघा_द

करता येईल, पण निष्कर्षावर विसंबू नका. पहिलीच शिवी सर्वांत मोठी उसळी देते, मग ती कोणत्याही भाषेतली असो, आणि तीच पुन्हा पुन्हा ऐकवली की प्रतिक्रिया मावळत जाते. तुम्ही आधी सगळ्या मराठी आणि मग सगळ्या इंग्रजी शिव्या ऐकवल्यात तर मराठी हमखास जिंकेल, आणि क्रम उलटा केलात तर कदाचित इंग्रजी. म्हणून शब्द मिसळून द्यावे लागतात आणि मध्ये काही सेकंद थांबून रेघ पुन्हा खाली येऊ द्यावी लागते. शिवाय मोठा आवाज ऐकल्यानेही घाम येतो. तुमचा मित्र मराठी शिवी ठसक्यात आणि इंग्रजी पुटपुटत देणार असेल, तर तुम्ही आवाज मोजाल, भाषा नव्हे. काही माणसांची बोटे इतकी कोरडी असतात की त्यांच्यात काहीच उमटत नाही. आणि एका माणसाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. प्रत्येकाची तुलना त्याच्याच साध्या शब्दांवरील प्रतिक्रियेशी करावी, म्हणजे 'खुर्ची' ऐकल्यावर काय झाले आणि शिवी ऐकल्यावर काय झाले, असे.

वसईची_पोर

मी या चर्चेत ऐकणाऱ्यांच्या बाजूने बोलते. आमच्या घरी आजी-आजोबांपासून इंग्रजी बोलली जाते. मला शिस्त लावली गेली ती इंग्रजीत आणि तोंड धुऊन ये असे ज्या शब्दांसाठी सांगितले गेले तेही इंग्रजीच होते. माझ्या कार्यालयात मराठी माध्यमातून आलेले ज्येष्ठ सहकारी आहेत. सज्जन माणसे, मराठीत कधी अपशब्द नाही. पण संगणक अडला की शर्वरीताईंची ती फ ची शिवी ते भर बैठकीत देतात, आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. त्यांना ती हलकी वाटते, हे आज इथे वाचून समजले. ती मला हलकी वाटत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

अनघा_द

हा धोका खरा आहे, पण तो नेहमी याच रूपात येत नाही. द्यवेल यांनी २०१६ साली इंग्रजी मातृभाषा असलेल्या आणि नसलेल्या, प्रत्येकी हजाराहून अधिक लोकांना तीस शब्दांची आक्षेपार्हता ठरवायला सांगितली. मातृभाषा नसलेल्यांना अर्थाविषयी खात्री कमी होती, हे तर्कटांच्या बाजूचे. पण त्यांनी बहुतेक शब्द प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा अधिक आक्षेपार्ह मानले. फसले ते सर्वांत जहाल शब्दाबाबत, त्याचे वजन त्यांनी कमी धरले. म्हणजे परका माणूस साध्या शब्दांवर उगाच बिचकतो आणि जिथे खरोखर बिचकायला हवे तिथे बेफिकीर राहतो.

पोलंडमधले एक संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले, ते मला अधिक अस्वस्थ करते. पोलिश विद्यार्थ्यांना शिव्यांनी भरलेला मजकूर पोलिशमधून इंग्रजीत किंवा इंग्रजीतून पोलिशमध्ये भाषांतरित करायला दिला होता. सर्वसाधारण शिव्यांत फारसे काही आढळले नाही. परंतु एखाद्या समाजगटाला हिणवणारे शब्द आले, तेव्हा इंग्रजीत लिहिताना विद्यार्थ्यांनी अधिक बोचरे शब्द निवडले आणि पोलिशमध्ये लिहिताना ते सौम्य केले. संशोधकांच्या मते स्वभाषेत जे सामाजिक बंधन असते त्यातून परकी भाषा सूट देते. आपल्याकडे जातिवाचक शिवी मराठीत उच्चारायला न धजणारा माणूस इंग्रजीतला वंशवाचक शब्द थट्टेत वापरतो, हे मी पाहिले आहे.

समुपदेशक_कोल्हापूर

माझ्या कामात हे दररोज भेटते. लहानपणी काय ऐकावे लागले हे सांगताना शिकलेली माणसे हटकून इंग्रजीकडे वळतात. वडील काय म्हणायचे, असे विचारले की इंग्रजीत सारांश मिळतो. हाँगकाँगमध्ये बाँड आणि लाई यांनी १९८६ साली दाखवले होते की अवघड वाटणाऱ्या विषयांवर तिथल्या विद्यार्थिनी कँटोनीजपेक्षा इंग्रजीत अधिक वेळ बोलल्या, तोच हा प्रकार. इंग्रजीत बोलू दिले तर गोष्ट निदान बाहेर तरी येते, म्हणून सुरुवातीला मी अडवत नाही. पुढे केव्हातरी, समोरच्याची तयारी पाहून, 'ते मराठीत जसे म्हणायचे तसेच सांगाल का?' असे विचारतो. तेव्हा खोलीतले वातावरण बदलते. हे घाईने केले तर माणूस पुढच्या वेळी येत नाही, म्हणून धागा वाचून कोणी घरी प्रयोग करू नयेत.

निवृत्त_गुरुजी

दटावणीचा मुद्दा मनात राहिला. मी वर्गात शिवी दिली नाही हे खरे, पण रागावलो पुष्कळ, आणि मराठीतच. तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांच्या बोटांना माझ्या वाक्यांनी अजून घाम येत असेल, असे आपले म्हणणे दिसते. तरीही आई-बहिणीवरची शिवी आणि शारीरिक क्रियेवरची शिवी एकाच पारड्यात घालणे मला मान्य नाही. तुर्कीतही आईवरून शिव्या असतीलच ना? मग तुर्कीचा जोर त्यामुळे नव्हता कशावरून?

अनघा_द

असतात, गुरुजी, आणि भरपूर असतात. तुमची शंका शिव्यांपुरती मी पूर्णपणे फेटाळू शकत नाही. दोन भाषांतल्या शिव्या तंतोतंत समान वजनाच्या निवडणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच मी दटावणीच्या वाक्यांवर अधिक भर दिला.

शर्वरी_वास्तू

सर्वांचे आभार. माझ्या गाडीतल्या प्रयत्नाने एक गोष्ट तरी बाजूला पडते असे वाटते, की लोक काय म्हणतील ही भीती हे मुख्य कारण नाही, कारण तिथे लोक नव्हतेच. अजून एक शंका उरते. मला मराठी शिव्या घरात कधीच कोणी दिल्या नाहीत आणि आमच्या वाड्यात त्या ऐकूही येत नसत. दटावणी मात्र पुरेपूर होती. मग जी शिवी लहानपणी मी ऐकलीच नाही, तिचे वजन माझ्यात कुठून आले?

नागपुरी_संत्रं

शर्वरीताई, तुमच्या उलट मी आहे. मराठी शिव्या मीही घरी ऐकल्या नाहीत, आणि मला त्या वगनाट्यातल्या वाटतात. सारखेच कारण आणि परिणाम मात्र विरुद्ध, याचे उत्तर अनघाताईंनी द्यावे.

अनघा_द

तयार उत्तर माझ्यापाशी नाही. एक अंदाज मांडते. शर्वरीताईंना शिवी ऐकायला मिळाली नसेल, पण तो शब्द तोंडात येता कामा नये, हे मराठीतच आणि धाक घालून शिकवले गेले असेल. नागपूरकरांच्या घरी तो विषयच निघाला नसेल, आणि त्यांचा धाक गल्लीत हिंदीत तयार झाला. हे पडताळायचे तर दोघांनी आपापल्या घरी विचारून पाहावे, की तो शब्द पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाला होता आणि त्यावर काय झाले होते.

नागपुरी_संत्रं

आईला फोन करून हे विचारायचे म्हणजे आधी तो शब्द तिच्यासमोर उच्चारावा लागेल. मी बहिणीला विचारतो.